जर्मन सर्टिफिकेटवरचा U आणि ट्रेसेबिलिटी : हे आलं कुठून?

चाकणच्या एका ओळखीच्या क्वालिटी मॅनेजरनी मला जर्मनीहून आलेल्या ५० मिमी सेटिंग रिंगचं सर्टिफिकेट दाखवलं, व्यास ५०.००१२ मिमी, ड्रॉइंगवर टॉलरन्स ±०.००१५ म्हणजे रिंग पासच, मग खाली हे `U = 0.8 µm, k = 2` कशाला लिहिलंय, रिंगमध्ये एरर आहे का?

एरर नाही हो. U म्हणजे लॅबच्या आकड्यावरची शंका किती रुंद आहे ते. पूर्वी प्रत्येक देशाची लॅब ती आपापल्या पद्धतीने लिहायची, कोणी रँडम आणि सिस्टिमॅटिक भाग सरळ बेरजेने जोडायचं, कोणी वर्ग करून, त्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून काही कळायचंच नाही. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय मापन समितीने हा प्रश्न हातात घेतला, ३२ राष्ट्रीय लॅबना प्रश्नावली गेली, २१ जणांनी उत्तर दिलं, १९८० मध्ये तज्ज्ञांच्या गटाने शिफारस केली की सगळे घटक स्टँडर्ड डेव्हिएशनच्या रूपात मांडून एकाच रीतीने जोडा. त्यावरून १९९३ मध्ये आयएसओने गाइड काढलं, तेच जीयूएम. इथे जोडून आलेली स्टँडर्ड अनसर्टन्टी ०.४ मायक्रॉन आहे, k म्हणजे २ ने गुणून ०.८, म्हणजे खरा व्यास साधारण ९५ टक्के खात्रीने ५०.०००४ ते ५०.००२० मध्ये. टॉलरन्सची वरची हद्द ५०.००१५ आहे! म्हणजे आकडा आत आहे पण पट्ट्याचा वरचा भाग बाहेर जातोय, त्यामुळे "पास" लिहायचं तर कुठल्या डिसिजन रूलने ते आधी ठरलेलं पाहिजे. आयएसओ १४२५३-१ च्या १९९८ च्या नियमाने टॉलरन्समधून U वजा करायचा, मग वरची हद्द ५०.०००७ उरते आणि ही रिंग पास म्हणता येत नाही. (नापासही म्हणता येत नाही, हे लोक विसरतात.)

ट्रेसेबिलिटीला जर्मनमध्ये रुकफ्युरुंग म्हणतात, शब्दशः मागे नेणं, आणि मला तो शब्द फार नेमका वाटतो. रिंग लॅबच्या मास्टरशी, मास्टर त्याच्या वरच्याशी, असं मागे मागे जात शेवटी ब्राउनश्वाइगच्या पीटीबी या राष्ट्रीय संस्थेपर्यंत आणि मीटरच्या व्याख्येपर्यंत. त्यासाठी जर्मनीत १९७७ मध्ये डीकेडी ही कॅलिब्रेशन लॅबना मान्यता देणारी सेवा सुरू झाली, आता ती मान्यता म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशन डाक्स ही संस्था देते. पण साखळीच्या प्रत्येक कडीची अनसर्टन्टी माहीत हवी, म्हणून नुसतं "पीटीबी ट्रेसेबल" लिहिलंय आणि U नाहीच अशा कागदाने ट्रेसेबिलिटी सिद्ध होत नाही, अमेरिकेची राष्ट्रीय मापन संस्था एनआयएसटीसुद्धा नुसत्या टेस्ट नंबरला पुरावा मानत नाही.

आणि हा कागद इथे परत भारताच्या एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबमध्ये करून घ्यायचा का? डाक्स आणि एनएबीएल दोघेही एकमेकांची मान्यता स्वीकारण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, त्यामुळे डाक्सचं चिन्ह असेल आणि ते माप त्या लॅबच्या मान्यतेच्या स्कोपमध्ये असेल तर गरज नाही. स्कोप मात्र डाक्सच्या साइटवर उघडून बघा, तिथे त्या मापासाठी सगळ्यात छोटा U लिहिलेला असतो, सर्टिफिकेटवरचा त्याहून लहान निघाला तर लॅबला लगेच मेल टाका.