एकूण टक्के आणि विषयाचे गुण: शिकवणीच्या जाहिरातीत काय लिहायचं?

परभणीत माझ्याकडे दहावीपर्यंत शिकलेली एक मुलगी आता स्वतः घरी शिकवण्या घेते. जूनच्या तोंडावर तिनं जाहिरातीचा मजकूर मला पाठवला, "सर, एकदा नजर टाका." मजकूर असा होता:

"उच्चशिक्षित व अनुभवी शिक्षिका. सर्व विषय. सकाळ-संध्याकाळ बॅच. 100% निकाल. आमचा विद्यार्थी 91%. मोजक्याच जागा शिल्लक."

यातलं "सर्व विषय" सोडलं तर एकही वाक्य खोटं नव्हतं, पण सगळ्यात मोठी अडचण त्या 91 टक्क्यांतच होती.

ती शिकवते गणित आणि विज्ञान. 91 हे त्या मुलाचे एकूण टक्के. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीला सहा विषय असतात आणि टक्केवारी काढताना सर्वाधिक गुणांचे पाचच विषय धरतात. मी तिला त्या लेकराची गुणपत्रिका आणायला सांगितली. मराठी 92, हिंदी 95, इंग्रजी 88, गणित 71, विज्ञान 84, सामाजिक शास्त्रे 96. सगळ्यात कमी गुण गणितात. उरलेल्या पाच विषयांचे 455, म्हणजे 500 पैकी बरोबर 91 टक्के. ज्या विषयासाठी ते लेकरू वर्षभर तिच्या घरी आलं, तो विषय त्या टक्केवारीत धरलेलाच नाही!

ती जरा हिरमुसली. "पण सर, टक्के तर खरेच आहेत की." खरेच आहेत. पण ते त्या लेकराचे आहेत, शाळेचे आहेत, मराठीच्या मॅडमचेही आहेत. तिचे म्हणता येतील ते 71 आणि 84. आणि 71 लिहायला लाज कशाची? हे पोरगं नववीत गणितात 48 वर होतं. पालकाला कळायला हवं ते हेच, आणि जाहिरातीत नेमकं तेच नव्हतं.

"100% निकाल" या शब्दांतही अशीच गल्लत आहे. त्याचा अर्थ एवढाच की सगळे पास झाले. गणितात 100 पैकी 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, ते शाळा देते. लेखी परीक्षा 40-40 गुणांच्या दोन भागांची, आणि पास व्हायला एकूण 35 लागतात. तेव्हा सगळे पास होणं चांगलंच, पण शिकवणीचा कस त्यातून फारसा कळत नाही. शिवाय कितीपैकी 100 टक्के? चारपैकी चार आणि चाळीसपैकी चाळीस, दोन्ही 100 टक्केच.

मग आम्ही तिची वही काढून मोजायला बसलो. जूनमध्ये 16 मुलं आली होती, दोघं दिवाळीनंतर सोडून गेली. परीक्षेला 14 बसली. गणितात 80 च्या वर तिघं, 60 ते 79 मध्ये सहा, 35 ते 59 मध्ये पाच. सोडून गेलेल्या दोघांचं लिहावं का, यावर बराच वेळ बोललो. माझं मत, लिहावं.  त्या दोघांचे आईबाप भाजी मंडईत भेटतातच.

बाकीच्या गोष्टी लवकर उरकल्या. "उच्चशिक्षित" काढून पदवी आणि तिचा विषय लिहिला, बी.एड. अजून सुरू आहे, तर तसंच लिहिलं. "सर्व विषय" गेलं. वेळ मात्र नीट ठरवावी लागली, कारण शनिवारी शाळा सकाळची असते आणि नुसतं "सकाळ-संध्याकाळ" वाचून पालकाला त्या दिवशी काय करायचं ते कळत नाही. नवा मजकूर असा झाला:

"इयत्ता 9 वी व 10 वी, गणित आणि विज्ञान, मराठी व सेमी इंग्रजी.
शिक्षण: एम.एस्सी. (गणित), बी.एड. दुसरे वर्ष सुरू. शिकवण्याचा अनुभव 4 वर्षे.
वेळ: सोमवार ते शुक्रवार, 9 वी सायं. 5:45 ते 6:45, 10 वी सायं. 7 ते 8:15. शनिवारी दुपारी 4 वाजता दोन्ही वर्गांची चाचणी. एका बॅचमध्ये जास्तीत जास्त 15.
मागील वर्ष, 10 वी गणित: प्रवेश 16, परीक्षेस 14, सर्व उत्तीर्ण. 80 पेक्षा जास्त 3, 60 ते 79 मध्ये 6, 35 ते 59 मध्ये 5.
पहिला आठवडा बसून पाहा, मग फी ठरवू."

पोराचं नाव आणि फोटो घालायचा तिचा विचार होता. त्यावर मी म्हणालो, आधी त्याच्या आईला विचार, आणि नाव घातलंस तर शेजारी "गणित 71, नववीत 48" हेच लिही. ती त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेली. आईनं नाव नको म्हटलं, गुण मात्र खुशाल लिहा म्हणाली. म्हणून निकालाच्या ओळीखाली आणखी एक ओळ आली: "एका विद्यार्थ्याचे गणितातील गुण: नववी 48, दहावी 71."