टोस्ट वेगळा, मनोगत वेगळं: लग्नाच्या पंचविशीला नवऱ्याने माईक घेण्याआधी

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नवऱ्याच्या हातात माईक आला की तो जे काही बोलतो त्याला हल्ली सरसकट टोस्ट म्हणतात. नीट ऐकलं तर बहुतेक वेळा ते मनोगत असतं. त्यात वाईट काहीच नाही, मनोगतालाही समारंभात जागा आहे. पण बायकोला चांदीचा दागिना द्यायचा असेल, तर तो या दोनपैकी कशाला जोडायचा हे आधी ठरवलेलं बरं. नाहीतर काय होतं ते हौशी सूत्रसंचालन करताना मी पुष्कळदा पाहिलंय: दागिन्याची डबी उघडी, बायको ती धरून उभी, आणि नवरा अजून केटररचे आभार मानतोय.

मनोगत पाहुण्यांशी बोललं जातं. “सन्माननीय मंडळी” असं म्हणून सुरुवात, मग आई-वडिलांची आठवण, सासरे, मेहुणे, सोसायटीतले शेजारी, शेवटी “काही चुकलं-माकलं असेल तर सांभाळून घ्या” आणि नमस्कार. बायकोचा उल्लेख येतो, पण ‘ही’ म्हणून किंवा ‘माझी सौ.’ म्हणून. म्हणजे तिच्याविषयी बोलणं, तिच्याशी नव्हे. आपल्याकडे हा साचा इतका पक्का आहे याला कारण आहे. रौप्यमहोत्सव आपण बँकांचे, शाळांचे आणि पंचवीस आठवडे चाललेल्या चित्रपटांचे साजरे करत आलोय. त्यामुळे लग्नाची पंचविशी म्हटलं तरी नकळत संस्थेचा वार्षिक अहवाल सुरू होतो. “या वाटचालीत अनेकांचे हातभार लागले” हे वाक्य पतपेढीच्या अध्यक्षांनी म्हटलं तरी चालतं, हीच त्याची अडचण.

टोस्टमध्ये श्रोता एकच असतो. नवरा बायकोकडे वळतो आणि ‘तू’ म्हणून बोलतो, पाहुणे बाजूला उभे राहून ऐकतात. शेवटच्या एका वाक्यात तो पाहुण्यांकडे वळतो, कोणाच्या नावाने ग्लास उंचावायचा ते सांगतो, सगळे ते नाव घेतात आणि घोट घेतात. मनोगत टाळ्यांवर संपतं. टोस्ट पाहुण्यांच्या कृतीवर संपतो आणि ती कृती झाली नाही तर तो झालाच नाही. म्हणूनच तो लांबवता येत नाही. हातात भरलेला ग्लास धरून माणसं फार तर दोन मिनिटं उभी राहतात, मग एकेक ग्लास टेबलावर ठेवू लागतो. ग्लासात काय आहे याला तसं महत्त्व नाही. डोंबिवलीच्या हॉलमध्ये कोकम सरबत किंवा पन्हं चालतं, गोव्यात वाईन असेल. मात्र ग्लास आधी भरलेले हवेत. वाढप्यांना हे आदल्या दिवशीच सांगावं लागतं, कारण ऐनवेळी त्यांचं लक्ष सूपवर असतं.

आता खरी गुंतागुंत. टोस्टचा जुना शिष्टाचार असा की ज्याच्या नावाने ग्लास उंचावला जातो, त्याने त्या वेळी बसून राहायचं आणि तो घोट घ्यायचा नाही. स्वतःच्याच नावाने पिणं बरं दिसत नाही, एवढं साधं कारण. पंचविशीला सत्कारमूर्ती दोघं असतात. त्यामुळे “आम्हा दोघांच्या सहजीवनासाठी” असं म्हणून नवऱ्यानेच ग्लास उंचावला तर तो स्वतःचाच सत्कार करून मोकळा होतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत म्हणूनच जोडप्यासाठीचा टोस्ट एखादा जवळचा मित्र किंवा नातेवाईक करतो आणि जोडपं नंतर उत्तरादाखल दोन शब्द बोलतं. ते उत्तर म्हणजे आपलं मनोगत. नवऱ्याला स्वतः टोस्ट करायचा असेल तर तो फक्त बायकोसाठी हवा. त्या दोन मिनिटांपुरता तो सत्कारमूर्ती राहत नाही, पाहुण्यांच्या बाजूला जातो. ‘आम्ही’ शब्द तेवढ्यापुरता गाळावा लागतो. आमच्याकडच्या पुरुषांना हे जड जातं. चारचौघांत, त्यातही सासुबाई समोर बसलेल्या असताना, बायकोकडे बघून ‘तू’ म्हणायचं म्हणजे घसा कोरडा पडतो. मग माणूस मनोगतात पळतो, तिथे सुरक्षित वाटतं.

दागिना टोस्टमध्ये शोभतो, मनोगतात हरवतो. मनोगतात तो शाल-श्रीफळासारखा होतो, यादीतली एक बाब. टोस्टमध्ये मात्र तो बोलण्याचा विषयच होऊ शकतो, पण त्यासाठी ‘चांदीच का’ याचं उत्तर त्या घरातलं हवं. पंचवीस म्हणजे चांदी ही पद्धत मूळची युरोपातली. जर्मनीत आजही या दिवशी बायकोच्या डोक्यावर चंदेरी पानाफुलांचा मुकुट असतो आणि नवऱ्याच्या कोटावर तशीच लहानशी चंदेरी डहाळी टोचलेली असते. आपल्याकडे चांदीचं स्थान वेगळं आहे. सोनं पायात घालत नाहीत, म्हणून जोडवी, मासोळ्या, पैंजण चांदीचे. गळ्या-हातात सोनं, पायात चांदी आणि उरलेली चांदी देवघरात, ही आपली वाटणी. त्यामुळे “पंचवीस वर्षं झाली म्हणून चांदी” एवढंच म्हटलं तर मागच्या रांगेतल्या मावशी हळूच म्हणणारच, “सोनं परवडलं नाही वाटतं.”

एक उदाहरण घेऊ. नवरा कारखान्यात सुपरवायझर, बायको शाळेत गणिताची शिक्षिका, लग्न २००० सालचं. २००३ मध्ये त्याचा कारखाना तीन महिने बंद होता, तेव्हा तिने माहेरचे पैंजण मोडून स्कूटरचा हप्ता भरला होता. आता तो तिला पैंजण देणार आहे. त्याने आधी लिहून आणलेलं मनोगत साधारण असं होतं: “आज या मंगल प्रसंगी मला मनापासून आनंद होत आहे. माझ्या यशात हिचा सिंहाचा वाटा आहे. सुखदुःखात तिने मला खंबीर साथ दिली. तिला मी ही छोटीशी भेट देत आहे, तिने तिचा स्वीकार करावा.” यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि एकही तिचं नाही. पैंजण आहेत हेसुद्धा कळत नाही.

तेच टोस्ट म्हणून असं झालं:

“२००३ साली आपल्या स्कूटरचा एक हप्ता तू भरलास. पैसे कुठून आणलेस विचारलं तर म्हणालीस, भिशी लागली. भिशी तू कधीच लावत नव्हतीस, हे मला दोन वर्षांनी कळलं. तुझ्या पायातला आवाज बंद झाला होता तेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती स्कूटर विकली, कारखानाही बदलला, हिशेब तेवढा राहिला होता. गणित तू शिकवतेस, म्हणून व्याज किती झालं ते तूच काढ. मुद्दल आणलंय. आईच्या पैंजणांना जशी घुंगरं होती म्हणायचीस, तशीच करून घेतलीत. मंडळी, ज्यांना उभं राहता येईल त्यांनी उभं राहा. हिच्या भिशीच्या नावाने!”

वेळ जेमतेम मिनिटभर. ‘खंबीर साथ’ हे शब्द नाहीत, पण हप्ता, भिशी आणि घुंगरं आहेत. शेवटची हाक अशी हवी की पाहुण्यांना एका दमात परत म्हणता येईल. “तिच्या उत्तम आरोग्यासाठी आणि पुढील वाटचालीसाठी” असं म्हटलं तर अर्धे ‘आरोग्य’ म्हणतात, अर्धे ‘वाटचाल’, आणि घोट कधी घ्यायचा तेच कळत नाही. ‘ज्यांना उभं राहता येईल’ हे मुद्दाम आहे. गुडघे दुखणाऱ्या काकांना खुर्चीतून ओढून उठवू नये.

इथे एक पथ्य. मोडलेल्या पैंजणांची गोष्ट ती स्वतः चारचौघांत हसत सांगत असेल तरच ती टोस्टमध्ये घ्यावी. माहेरच्यांना ती ठाऊक नसेल तर तो दागिना देणं राहत नाही, तिचं गुपित फोडणं होतं. शंका असेल तर तिच्या बहिणीला आधी विचारावं. हेच मनोगतात अडचणीचं ठरत नाही, कारण मनोगतात मुळात काही उघडच होत नाही.

डबी कधी द्यायची? ग्लास उंचावून झाल्यावर. यामागे फक्त हातांचा हिशेब आहे. माईक, ग्लास आणि डबी अशा तीन वस्तू असतात आणि हात दोन. आधी डबी दिली तर सगळ्यांचं लक्ष दागिन्याकडे जातं, बायका पुढे सरकतात, ग्लास विसरले जातात. म्हणून डबी मुलीकडे ठेवावी, घोट झाला की नवऱ्याने माईक खाली ठेवावा आणि दोन्ही हातांनी ती द्यावी. पैंजण स्टेजवर पायात घालायच्या फंदात पडू नये. काठपदराच्या निऱ्या, उंच खुर्ची, अडकणारी कडी आणि खाली वाकलेला नवरा बघून शिट्ट्या मारणारे पुतणे, यात त्या क्षणाची पार वाट लागते. हातातलं कडं किंवा गळ्यातलं काही असतं तर गोष्ट वेगळी होती.

बोलताना चांदीबद्दल जे म्हणाल ते खरं असू द्या, कारण हॉलमध्ये एक तरी सराफी जाणणारा असतोच. दागिन्यावर ९२५ असा शिक्का असेल तर त्यात ९२.५ टक्के चांदी आहे आणि बाकी बहुधा तांबं. ते भेसळ म्हणून नसतं, निव्वळ चांदी मऊ असते, रोजच्या वापरात वाकते, म्हणून घातलेलं असतं. तेव्हा “शंभर नंबरी चांदी” म्हणू नये. “आपल्या प्रेमासारखी कधीच न काळवंडणारी” हे तर नकोच. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदी काळी पडतेच, रबरबँड लावून ठेवली तर जास्तच. उलट अंगावर रोज घासली जाणारी चांदी बऱ्यापैकी उजळ राहते. “कपाटात ठेवू नकोस, काळे पडतील, रोज घाल” हे वाक्य खरंही आहे आणि टोस्टमध्ये चालतंही.

मनोगत मग जेवणं उरकल्यावर, निरोपाआधी करावं. आभारांची यादी, आई-वडिलांची आठवण, लांबून आलेल्यांची नावं तिथे नीट बसतात आणि कोणाच्या हातात ग्लास अडकलेला नसतो. तेव्हा ‘आम्ही’ म्हणावं, दोघांनी मिळून उभं राहावं. टोस्ट झाल्यावर लगेच “वहिनी, आता नाव घ्या!” असा गलका होतो. उखाणा घ्यायचा की नाही हे वहिनींवर सोडावं. टोस्टला लगेच उत्तर देण्याचं बंधन त्यांच्यावर नसतं. द्यायचंच असेल तर एक-दोन वाक्यं पुरतात. वरच्या उदाहरणातली शिक्षिका एवढंच म्हणाली, “व्याज चक्रवाढीने घेईन.”