गाडीचा टप आणि क्षितिजाची रेघ

बाणेरच्या बाजूने जाताना नव्या इमारतींचे फलक निरखणं हा माझा जुना छंद. परवा एका फलकावर फाटकासमोर चकचकीत पांढरी गाडी होती आणि तिच्या अगदी शेजारून सहा-सात वर्षांचं पोर चाललं होतं. गाडीचा टप त्याच्या कमरेशी! मागे एक गुलमोहर, तो जेमतेम पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत, पण बुंधा मात्र वडासारखा. गाडी आणि झाड नंतर आणून चिकटवलेलं आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. प्रश्न असा, की गाडी मोठी करायची तर नेमकी किती? ‘डोळ्याला बरी दिसेल इतकी’ हे उत्तर मी बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे. खरं उत्तर त्रैराशिकाने निघतं.

लांबची वस्तू लहान दिसते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. तिच्या जोडीची दुसरी गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या, कॅमेऱ्यापेक्षा उंच अशा प्रत्येक वस्तूला क्षितिजाची रेघ कापते, आणि ती कापते बरोबर कॅमेऱ्याच्या उंचीवर. वस्तू जवळ असो की लांब.

असं का, ते बघू. पानशेतच्या पुराच्या, म्हणजे 1961 सालच्या, पातळीच्या खुणा पुण्यात काही भिंतींवर दाखवतात. तसंच पाणी रस्त्यावर साचलंय आणि ते तुमच्या डोळ्यांपर्यंत आलंय अशी कल्पना करा. प्रत्येक भिंतीवर, खांबावर, झाडावर पाणी जमिनीपासून सारख्याच उंचीवर टेकेल. पण तुमचे डोळे त्याच पातळीत असल्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग तुम्हाला पसरलेला दिसणारच नाही, तो एका आडव्या रेघेत मिटून जाईल. ती रेघ म्हणजे क्षितिज. तुमचे डोळे 1.6 मीटरवर असतील, तर त्या रेघेखाली अशा प्रत्येक वस्तूचे 1.6 मीटर असतात आणि उरलेली वस्तू वर. इटलीच्या आल्बेर्तीने 1435 साली चित्रकारांसाठी हेच नोंदवून ठेवलं होतं. देवळात फिरणाऱ्या माणसांची डोकी साधारण एका ओळीत दिसतात, लांबच्यांचे पाय मात्र जवळच्यांच्या गुडघ्यांच्या पातळीला येतात.

आता आकडे घालू. मोबाइल 1.6 मीटर उंचीवर, जवळजवळ सरळ, किंचितच खाली कलवून फोटो काढला. फोटो 3000 पिक्सेल उंच आहे आणि क्षितिज वरून 1200व्या ओळीवर आहे असं धरा. गाडीची चाकं जिथे टेकवायची ती जागा 1680व्या ओळीवर. म्हणजे जमिनीपासून क्षितिजापर्यंत 480 पिक्सेल, आणि एवढ्यात 1.6 मीटर बसतात. त्या जागी एक मीटर म्हणजे 300 पिक्सेल. साधी हॅचबॅक सुमारे दीड मीटर उंच असते, म्हणून ती 450 पिक्सेलची हवी. तिचा टप क्षितिजाच्या जरासा खाली राहील. तीच गाडी मागे नेऊन 1360व्या ओळीवर ठेवली, तर तिथे क्षितिजापर्यंत 160 पिक्सेल उरतात, मीटरला 100, गाडी 150 पिक्सेलची. टप पुन्हा क्षितिजाच्या जरासा खालीच. त्याच जागी नऊ मीटरचा कडुनिंब लावायचा असेल तर तो 900 पिक्सेलचा, त्यातले 160 रेघेखाली आणि 740 वर. अंतर किती, लेन्स कुठली, हे काहीही न विचारता उत्तर निघालं. मला या नियमाचं वेड आहे ते याचसाठी.

अडचण एकच, शहरात क्षितिज दिसत नाही. पुण्यात तर हमखास फसगत होते, कारण मागे वेताळ टेकडी किंवा तळजाई असते आणि लोक टेकडीच्या माथ्यालाच क्षितिज धरतात. टेकडी जमिनीच्या वर उचललेली आहे, त्यामुळे ती रेघ खोटी, आणि तिच्यावरून बेतलेली गाडी नको तेवढी मोठी होते. खरी रेघ काढायची तर रस्त्याच्या दोन्ही कडा, दुभाजक, दुकानांच्या पायऱ्या अशा समांतर आडव्या रेघा पट्टीने लांबवायच्या. त्या जिथे मिळतात तिथून क्षितिज जातं. रस्ता चढाचा असेल तर त्याच्या कडा खऱ्या क्षितिजाच्या वर मिळतात. पण कॅमेराही त्याच चढावर असेल, तर गाडीसाठी तीच वरची रेघ धरायची, कारण गाडीची जमीन ती आहे. मोबाइल वर किंवा खाली फार कललेला असेल तर मात्र उंच झाडाचं त्रैराशिक चुकतं. उभ्या रेघा एकमेकींकडे झुकतात आणि मीटरला पिक्सेल सगळीकडे सारखे राहत नाहीत.

या नियमालाही जिथे काही धरायला मिळत नाही, असे फोटो म्हणजे सरळ वरून काढलेले. क्षितिजच नाही! ‘घटोत्कचाचा सांगाडा सापडला’ म्हणून जो फोटो वर्षानुवर्षं फिरतोय तो असाच आहे. मूळ फोटो अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क इथे मॅस्टोडॉन या हत्तीच्या नात्यातल्या प्राण्याच्या हाडांसाठी झालेल्या उत्खननाचा, उंचावरून घेतलेला. त्यात माणसाचा सांगाडा बसवला गेला तो 2002 सालच्या एका फोटो-फेरफार स्पर्धेसाठी. खड्ड्यातला कामगार चिमुकला दिसतो, एवढ्यावर लोक महाभारत सिद्ध करतात. कामगार खरा आहे, सांगाड्याचं माप कुणीतरी माउसने ओढून ठरवलंय.

आकार बरोबर आला तरी गाडी चिकटवलेली दिसतेच, असा अनुभव येतो. तिथे दुसरी गोष्ट आडवी येते. गाडी मुळात किती लांबून टिपली होती? चार मीटर लांबीची गाडी समोरून, चार मीटरवरून टिपली तर पुढचं टोक चार मीटरवर आणि मागचं आठवर. मागची बाजू पुढच्यापेक्षा निम्मी दिसणार. तीच सोळा मीटरवरून टिपली तर मागचं टोक वीस मीटरवर, म्हणजे चार पंचमांश. आपल्या फोटोतली 1680व्या ओळीची जागा साध्या मोबाइल लेन्सला सुमारे दहा मीटरवर येते, तिथे हे प्रमाण सात दशांशाच्या आसपास हवं. जवळून काढलेली गाडी तिथे ठेवली तर तोंड फुगलेलं, शेपूट आखडलेली दिसते आणि कितीही लहान-मोठी केली तरी ते प्रमाण बदलत नाही. झूम केल्याने गाडी ‘चपटी’ होते असं म्हणतात तेही अर्धवट आहे. चपटेपणा अंतरामुळे येतो. झूम फक्त लांबून बघायची सोय करतं.

उंचीचंही तेच. बाल्कनीतून टिपलेल्या गाडीचा टप पूर्ण दिसतो. तो दिसतोय म्हणजे कॅमेरा तिच्या बराच वर होता. 1.6 मीटरवरून काढलेल्या रस्त्यात ती ठेवली की टप जेमतेम पट्टीसारखा दिसायच्या ऐवजी ताटासारखा समोर येतो. गाडी रस्त्यावर टेकत नाही, पुढे सांडल्यासारखी वाटते. यावर उपाय नाही, दुसरा फोटो शोधायचा.

झाडं यात बरीच माफ करतात. त्यांना सरळ कडा नसतात आणि कडुनिंब सहा मीटरचा की दहाचा, हे बघणाऱ्याला माहीत नसतं. झाड पकडलं जातं ते पानांवरून. कुंडीतलं रोप ताणून झाड केलं की पान तळहाताएवढं होतं. फलकावरच्या गुलमोहराचं उलट झालं होतं. मोठं झाड दाबून बसवलं, म्हणून बुंधा जाड आणि पालवीचा नुसता हिरवा लगदा.