मोज्याची टाच: टाक्यावर टाका आणि रफू

सोलापुरात लोकरी मोजे लागतात ते डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, आणि तेही बहुधा घरातच. वडिलांचे हाताने विणलेले मोजे दोन हिवाळे शहाबादी फरशीवर वावरले आणि उजव्या पायाच्या टाचेला सुमारे 2 सेंटिमीटर रुंदीचे भोक पडले. ते दुरुस्त करताना लक्षात आले की खरा प्रश्न भोकाचा नसून त्याच्या भोवतालच्या विरलेल्या भागाचा आहे.

लोकरीचा धागा म्हणजे आखूड तंतूंना दिलेला पीळ. फरशी आणि टाच यांच्यामध्ये घासताना हे तंतू एकेक करून निसटतात, धागा बारीक होत जातो आणि शेवटी तुटतो. मोजा मुठीवर चढवून उजेडासमोर धरला की बारीक झालेले टाके जाळीसारखे दिसतात. धाग्यात नायलॉन मिसळलेले असेल, तर लोकर झडून गेल्यावरही नायलॉनचे चकचकीत तंतू मूळ टाक्यांच्या आकारात शिल्लक राहतात. टाका अजून अखंड आहे, तोवर त्याच्यावर दुसरा टाका घालता येतो. यालाच डुप्लिकेट स्टिच म्हणतात.

त्यासाठी बोथट टोकाची सुई आणि मूळ धाग्याइतक्याच किंवा किंचित बारीक जाडीची लोकर घ्यावी. सुलट बाजूला प्रत्येक टाका इंग्रजी V सारखा दिसतो. त्याच्या खालच्या टोकातून सुई वर काढावी, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून उजवीकडून डावीकडे न्यावी आणि पुन्हा त्याच खालच्या टोकात उतरवावी. नवा धागा जुन्या धाग्याच्याच वाटेने गेल्यामुळे विणीचा ताण कायम राहतो. विणलेले कापड ताणले जाते ते मुख्यतः धागा लांबतो म्हणून नव्हे, तर टाक्यांचे वळसे आकार बदलतात म्हणून, आणि नव्या धाग्यालाही तेच वळसे मिळालेले असतात. धागा जास्त ओढला तर जुना टाका खालून डोकावतो आणि कापड आक्रसते. सैल सोडला तर वळसे कशातही अडकतात.

भोकात मात्र जुनी वाट उरलेली नसते. तिथे रफूच करावा लागतो, आणि रफू म्हणजे सुईने चालवलेला छोटा हातमाग, ही गोष्ट सोलापूरकराला वेगळी सांगायला नको. आधी उभे धागे, म्हणजे ताणा, आणि मग एकाआड एक वर-खाली जाणारा बाणा. पण इथेच अडचण आहे. मागावरच्या कापडात धागे जवळजवळ सरळ असतात, त्यामुळे रफूचे ठिगळ भोवतालच्या विणीइतके ताणले जात नाही. पाऊल टाकताना विण ताणली जाते, ठिगळ जागच्या जागी राहते आणि सगळा ओढा दोहोंच्या सीमेवर येतो. सीमेवरचे टाके आधीच विरलेले असतील, तर काही आठवड्यांत ठिगळाच्या शेजारी नवे भोक पडते.

म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी भोवतालच्या विरलेल्या भागात टाक्यावर टाका, मग भोकात रफू. त्या मोज्यात 1 सेंटिमीटरमध्ये सुमारे 3 टाके होते, म्हणजे भोकाची रुंदी 6 टाके आणि उंची 8 ओळी. भोकाच्या चारही बाजूंचे 3-3 टाके घेऊन 12 टाके रुंद आणि 14 ओळी उंच असा चौकोन धरला. त्यातून भोक वजा केल्यावर 120 टाके उरले. प्रत्येक टाक्याला साधारण 1 सेंटिमीटर लोकर लागते, त्यामुळे सुमारे सव्वा मीटर लोकर पुरली. ती 45 सेंटिमीटरच्या तुकड्यांत वापरली, कारण लांब धागा पुन्हा पुन्हा कापडातून ओढला गेला की त्याचेच तंतू सुटतात.

हा मजबूत काठ तयार झाल्यावर मोज्यात उपडी वाटी घालून त्याच काठात ताणा रोवला: प्रत्येक टाक्याच्या दोन पायांसाठी दोन धागे, म्हणजे भोकावर 12. तुटलेल्या टाक्यांचे उघडे वळसे ताण्यात अडकवून घेतले, नाहीतर ते ओळीने उसवत जातात. बाण्याच्या प्रत्येक वळणावर तांदळाच्या दाण्याहून लहान सैल वळसा सोडला, म्हणजे धुतल्यावर लोकर आटली तरी ठिगळ आक्रसत नाही. कडाही सरळ रेषेत ठेवल्या नाहीत. काही धागे एक टाका पुढे, काही मागे थांबवले, त्यामुळे ओढा एकाच स्तंभावर येत नाही. गाठ कुठेही मारली नाही. टाचेखालच्या बारीक गाठीनेही फोड येतो, आणि पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेही माणसाला तो कळतही नाही. धाग्याची टोके 4-5 सेंटिमीटर आत फिरवून तोडली.

यंत्रावर विणलेल्या बारीक सुती मोज्याचे टाके सुईला सापडत नाहीत, तिथे केवळ रफू करावा आणि तो बराच रुंद घ्यावा. लोकरी मोजा मात्र पहिल्या थंड पाण्याच्या धुण्यानंतर बोटांनी आडवा ताणून पाहावा. ठिगळाच्या काठाला फटी दिसल्या, तर भोवतालचा चौकोन आणखी दोन टाक्यांनी वाढवावा लागतो. वडिलांच्या मोज्यात डावीकडे तशी एक फट दिसली आणि तिथे दुसऱ्या दिवशी आठ टाके आणखी घातले.