बोटावर ९८, रक्तात ६७

कोविडच्या दोन वर्षांत ऑक्सिमीटर घरोघरी आला आणि "सॅच्युरेशन किती?" हा प्रश्न आपल्या बोलण्यात रुळला. ९५ च्या वर आकडा असला की जीव भांड्यात पडायचा. त्या आजारात ते बरोबरही होतं. पण एक अवस्था अशी आहे की बोटावर ९८ दिसत असताना माणूस ऑक्सिजनअभावी बेशुद्ध असतो, आणि त्याच आकड्यामुळे डॉक्टरांचाही तपास भलतीकडे जाऊ शकतो. ती म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा.

आपल्याकडे ही विषबाधा हिवाळ्यात जास्त दिसते. उत्तरेत बंद खोलीत पेटवलेली शेगडी, तर आपल्या शहरांत बाथरूममधला गॅस गिझर. मिनिटाला सहा लिटर कोमट-गरम पाणी देणारा गिझर चालू असताना दहा किलोवॅटच्या आसपास उष्णता लागते. म्हणजे तासाला सुमारे पाऊण किलो एलपीजी. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते, म्हणजे पाव तासाच्या अंघोळीला जवळपास अडीच घनमीटर. पाच बाय सातच्या, आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये हवाच आठ घनमीटर असते. थंडीमुळे खिडकी लावलेली, एक्झॉस्ट फॅन बंद, धूर बाहेर नेणारी नळी नाहीच. थोड्या वेळाने ज्योतीला स्वतःचीच उष्टी हवा मिळू लागते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. एलपीजीला मुद्दाम घातलेला वास इथे कामाला येत नाही, कारण गॅस गळत नसतो, जळत असतो.

आता एक नमुना घेऊ. तिशीतली एक बाई बाथरूममधून बराच वेळ बाहेर आली नाही म्हणून दार तोडलं, ती खाली पडलेली सापडली. रुग्णालयात आणली तेव्हा गुंगीत, नाडी १२०. बोटावर ऑक्सिमीटर लावला तर SpO₂ ९८. साखर ठीक, रक्तदाब जेमतेम. फिट आली का, चक्कर येऊन डोक्याला मार लागला का, काही खाल्लंप्यायलं का, अशी शंकांची यादी सुरू होते. ऑक्सिजनची शंका त्या यादीतून पहिल्या मिनिटालाच बाद झालेली असते. मग मनगटाच्या धमनीतून रक्त काढून एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी केली जाते. त्या कागदावर हे आकडे येतात (आकडे माझे, पण अशा रुग्णाला शोभतील असेच):

```
pH      7.30
pO2     98 mmHg
Lactate 5.8 mmol/L
Hb      12.0 g/dL
sO2     98.5 %
FO2Hb   67 %
FCOHb   31 %
FHHb    1 %
FMetHb  1 %
```

या कागदावर एकाच रक्तासाठी दोन टक्केवाऱ्या आहेत, ९८.५ आणि ६७. यंत्र बिघडलेलं नाही. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त छेद वेगळा आहे. sO2 काढताना ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन भागिले ऑक्सिजन घेऊ शकणारं हिमोग्लोबिन असा हिशोब होतो: ६७ भागिले (६७ + १). यातला १ म्हणजे FHHb, ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन. कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं ३१ टक्के हिमोग्लोबिन या हिशोबात धरलेलंच नाही. वर्गातली एक तृतीयांश पोरं परीक्षेला बसलीच नाहीत आणि बसलेल्यांपैकी जवळजवळ सगळी पास झाली, तर शाळेचा निकाल ९८ टक्केच लागतो. FO2Hb मात्र पूर्ण पट धरून निकाल सांगतो.

हे ३१ टक्के अडकतात कसे? हिमोग्लोबिनमधल्या ज्या लोहाच्या अणूला ऑक्सिजन चिकटतो, तिथेच कार्बन मोनॉक्साइडही चिकटतो, पण सुमारे २०० ते २५० पट घट्ट ओढीने. या जोडीला कार्बॉक्सिहिमोग्लोबिन म्हणतात. फुफ्फुसात ऑक्सिजनचा दाब १०० मिलिमीटर धरला तर त्याच्या अडीचशेव्या हिश्शाएवढा, म्हणजे ०.४ मिलिमीटर दाबाचा कार्बन मोनॉक्साइडही हिमोग्लोबिनमध्ये ऑक्सिजनच्या बरोबरीने वाटा मागतो. हवेच्या दहा हजार भागांत पाच-सहा भाग इतका वायू पुरेसा आहे, वेळ तेवढा मिळाला पाहिजे.

बोटावरच्या यंत्राला हे का कळत नाही, ते त्याच्या रचनेतच आहे. पल्स ऑक्सिमीटरची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकातली. त्यात दोन दिवे असतात: एक तांबडा, ६६० नॅनोमीटरचा, दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, ९४० च्या आसपासचा. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश बराच शोषतं, ऑक्सिजन धरलेलं फार कमी शोषतं. दोन दिव्यांच्या शोषणाच्या गुणोत्तरावरून यंत्र टक्केवारी काढतं. दोन दिवे, म्हणून दोनच प्रकारचं हिमोग्लोबिन ओळखता येतं. कार्बॉक्सिहिमोग्लोबिन तांबड्या प्रकाशात जवळजवळ ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनसारखंच वागतं आणि अवरक्तात तर ते नसल्यासारखंच असतं. त्यामुळे यंत्र त्यालाही ऑक्सिजनच्या खात्यात टाकतं. १९८७ मध्ये अमेरिकेत बार्कर आणि ट्रेम्पर यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात कार्बॉक्सिहिमोग्लोबिन ७० टक्क्यांवर पोचलं तरी ऑक्सिमीटर ९० च्या आसपासच दाखवत होता.

बरं, एबीजीवरचा pO2 तरी पडायला हवा होता. तोही नाही पडत. pO2 म्हणजे रक्ताच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब. तो फुफ्फुसातून येतो, आणि या बाईची फुफ्फुसं ठणठणीत आहेत. विरघळलेला ऑक्सिजन १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. खरी वाहतूक हिमोग्लोबिन करतं आणि दाबाच्या आकड्यात त्याचा पत्ता नसतो. शरीरही इथे तसंच फसतं. मानेतल्या रोहिणीपाशी ऑक्सिजनवर नजर ठेवणाऱ्या पेशी आहेत, त्याही मुख्यतः दाबच मोजतात. दाब ठीक, म्हणून दम लागल्याची सूचना जात नाही. डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटके पडतात, पण धाप लागून माणूस दाराकडे धावत नाही.

आता थोडी आकडेमोड. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. या बाईचं हिमोग्लोबिन १२. एरवी तिच्या १०० मिलिलिटर रक्तात साडेपंधरा मिलिलिटर ऑक्सिजन असता, आज आहे पावणेअकरा. एवढाच ऑक्सिजन सव्वाआठ हिमोग्लोबिन असलेल्या माणसाच्या रक्तातही असतो. आणि सव्वाआठ हिमोग्लोबिनवर स्वयंपाकपाणी, मजुरी, सगळं उरकणाऱ्या बायका आपल्याकडे ओपीडीत रोज दिसतात. त्या कुरकुरतात, थकतात, पण बेशुद्ध पडत नाहीत. मग हीच का पडली?

कारण नुकसान दुहेरी आहे. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार जागा असतात आणि त्या एकमेकींवर परिणाम करतात. एखादी जागा कार्बन मोनॉक्साइडने धरली की उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजन जास्त घट्ट बसतो. रक्त मेंदूपर्यंत जातं, पण हातचा ऑक्सिजन सहज सोडत नाही. पांडुरोगात याच्या उलट होतं, उरलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक सढळपणे देतं. शिवाय हा वायू पेशींच्या आत शिरून ऑक्सिजन वापरणाऱ्या विकरांनाही त्रास देतो. पेशी ऑक्सिजनविना काम रेटू लागतात आणि लॅक्टेट ५.८ वर जातं. pO2 आणि sO2 च्या ओळी शांत असताना हा आकडा आधी बोंब मारत असतो.

FCOHb ची ओळ देणाऱ्या भागाला को-ऑक्सिमीटर म्हणतात. तो रक्ताच्या थेंबातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि त्यातून दोन नव्हे, अनेक तरंगलांबींचा प्रकाश सोडतो. प्रत्येक प्रकारच्या हिमोग्लोबिनची शोषणाची रेघ वेगळी असते, त्यामुळे चार अज्ञातं सोडवायला पुरेशी समीकरणं मिळतात. तत्त्व जुनंच आहे. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९५ मध्ये स्वतः हा वायू हुंगून हेच डोळ्यांनी मोजलं होतं. साधं रक्त पाण्यात खूप पातळ केलं की पिवळसर दिसतं, कार्बन मोनॉक्साइडवालं गुलाबी. साध्या रक्ताच्या द्रावणात कारमाइनचा लाल रंग थोडा थोडा घालून ते गुलाबी छटेशी जुळवायचं आणि किती रंग लागला त्यावरून टक्केवारी काढायची. स्वतःच्या रक्तात ५६ टक्के भरेपर्यंत ते थांबले नाहीत, हे मला आजही वेडेपणाच्या सीमेवरचं वाटतं.

इथे एक खाचखळगा आहे. सगळ्या एबीजी यंत्रांत को-ऑक्सिमीटर नसतो. लहान, स्वस्त यंत्रं फक्त pH आणि वायूंचे दाब मोजतात आणि संपृक्तता त्यावरून सूत्राने काढून छापतात. असा आकडा मोजलेला नसतो, मांडलेला असतो, आणि pO2 ठीक असल्यामुळे तोही ९७-९८ येतो. "एबीजी नॉर्मल आहे" असं कुणी म्हणालं तर FCOHb ची ओळ कागदावर आहे का, हे आधी पाहावं लागतं. नसेल तर नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. हेपरिन घातलेल्या बंद नळीत कार्बॉक्सिहिमोग्लोबिन टिकून राहतं, आणि धमनीचंच रक्त हवं असंही नाही, शिरेतलं चालतं.

वेळेचं गणितही महत्त्वाचं. साध्या हवेत कार्बॉक्सिहिमोग्लोबिन निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, घट्ट मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण सव्वा तास. उपचार तोच आहे आणि तो रिपोर्टसाठी थांबत नाही. पण त्यामुळे ३१ चे सव्वा तासात साडेपंधरा, अडीच तासांत आठ होतात. आठ टक्के तर भरपूर सिगारेट ओढणाऱ्यातही सापडतात. या काळात बोटावरचा आकडा ९८ चा ९९ होईल, त्यावरून काहीच कळणार नाही. म्हणून ऑक्सिजन कधी सुरू केला आणि रक्त कधी काढलं, या दोन वेळा लिहून ठेवल्या तर मागे जाऊन मूळ आकड्याचा अंदाज करता येतो.

आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असा सरळ हिशोब मात्र लागत नाही. तासन्‌तास थोडा थोडा वायू घेतलेला माणूस २० टक्क्यांवर अत्यवस्थ असू शकतो आणि थोडा वेळ भरपूर घेतलेला ३० टक्क्यांवर बोलत असतो. FCOHb मुळे विषबाधा झाली हे पक्कं होतं. ती किती खोल गेली हे मेंदूच्या अवस्थेवरून, ईसीजीवरून आणि लॅक्टेटवरून ठरवावं लागतं. रक्त स्वच्छ झाल्यावरही काही रुग्णांत काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, चालण्यातला अडखळेपणा किंवा स्वभावातला बदल दिसू लागतो, त्यामुळे घरी सोडताना पुढच्या भेटीची तारीख द्यावी लागते. आणि त्याच दिवशी घरातल्या बाकीच्यांना विचारावं लागतं की सकाळी अंघोळीनंतर कुणाचं डोकं दुखतं का.