काल, आज आणि ‘कुठे अडलंय’: रोजच्या अपडेटमागची पार्श्वभूमी

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातल्या बहुतेक टीममध्ये सकाळी साडेदहाच्या सुमाराला प्रत्येक डेव्हलपर तीन ओळी लिहितो: काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय. पहिल्या दोन ओळी भरभरून लिहिल्या जातात. तिसऱ्या ओळीत बहुतेक वेळा ‘काही नाही’ असतं, किंवा ‘ॲक्सेस पेंडिंग’ असे दोन शब्द. खरं तर ही पद्धत सुरू झाली तेव्हा सगळ्यात जास्त भार या तिसऱ्या ओळीवरच होता.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स कोप्लिन यांनी बोरलँड कंपनीच्या क्वात्रो प्रो फॉर विंडोज या स्प्रेडशीटच्या टीमचा अभ्यास केला. टीम छोटी होती, कामाचा वेग अचाट होता आणि ती जवळपास रोज एकत्र बसून बोलत असे. १९९३ मध्ये जेफ सदरलँड यांनी ईझल कॉर्पोरेशनमध्ये पहिली स्क्रम टीम उभी केली. तिथली रोजची बैठक याच अभ्यासावरून घेतल्याचं त्यांनी पुढे लिहिलं आहे. १९९५ मध्ये सदरलँड आणि केन श्वाबर यांनी ऊप्स्ला परिषदेत स्क्रमची मांडणी केली. बैठक उभ्यानं घ्यायची, म्हणजे ती लांबत नाही, ही सवय मुख्यतः एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाल्यांमुळे पसरली.

२०११च्या स्क्रम गाइडमध्ये तीन प्रश्न असे होते: मागच्या बैठकीपासून काय पूर्ण झालं, पुढच्या बैठकीआधी काय केलं जाईल, आणि वाटेत कोणते अडथळे आहेत. पहिल्या प्रश्नातला ‘पूर्ण झालं’ हा शब्द महत्त्वाचा, कारण ‘कालचा दिवस कशात गेला’ असं तिथे विचारलेलंच नाही. अडथळा सांगितला की तो दूर करायला मदत करणं हे स्क्रम मास्टरचं काम. म्हणजे तिसरी ओळ ही मदतीची मागणी होती आणि ती ऐकणारा माणूस समोरच उभा असायचा. २०१३च्या आवृत्तीत हे प्रश्न स्प्रिंटच्या उद्दिष्टाला जोडले गेले. २०१७ मध्ये ते फक्त नमुना म्हणून उरले आणि नोव्हेंबर २०२०च्या आवृत्तीतून काढून टाकले गेले. पंधरा मिनिटांची मर्यादा मात्र राहिली. काढण्याची गरज समजण्यासारखी आहे. अनेक ठिकाणी हे प्रश्न मॅनेजरला द्यायची हजेरी बनले होते.

पुण्यात ते टिकले, कारण तोवर ते लेखी झाले होते. अर्धी टीम इथे आणि अर्धी अमेरिकेत असेल, तर एका खोलीत उभं राहणं जमत नाही. मार्च २०२०च्या लॉकडाउनपासून तर पुण्यातलीही टीम एका खोलीत नव्हती. बैठकीचा मजकूर चॅटवर गेला, पण समोरच्यानं तिथल्या तिथे उलट प्रश्न विचारायची सोय मागे राहिली. तिसऱ्या ओळीचं नुकसान इथून सुरू झालं.

वेळेचा हिशोब बघा. पुण्यात सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रात्रीचा १ वाजलेला असतो, हिवाळ्यात १२. तिथला माणूस सकाळी ९ वाजता मेसेज उघडतो तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत साडेसात. त्यानं ‘नक्की कसला ॲक्सेस?’ असं विचारलं आणि ते पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं गेलं, तर उत्तर तिसऱ्या दिवशी हाती येतं. दोन शब्दांच्या ब्लॉकरचे असे दोन दिवस होतात. म्हणून लेखी अपडेटमधला ब्लॉकर उलट प्रश्न न येता उत्तर देता येईल इतका पूर्ण हवा.

एक उदाहरण घेऊ. बोर्डवर PAY-214 हे रिफंडचं टिकिट आहे. कोड लिहून झाला आहे, पण क्लायंटच्या सँडबॉक्सवर रिफंडची विनंती नाकारली जाते. घाईत असं लिहिलं जातं: ‘PAY-214 चालू आहे. आजही तेच. ब्लॉकर: सँडबॉक्स ॲक्सेस.’ यातून काम किती झालं ते कळत नाही आणि कुणी काय करायचं तेही कळत नाही. क्लायंटकडे अपडेट इंग्रजीतच जातं. मजकूर मराठीत मांडला तर असा होईल:

```
झालं: PAY-214 रिफंडचा कोड आणि टेस्ट पूर्ण, PR 418 रिव्ह्यूला.
आज: PR 418 वरच्या कमेंट्स, मग PAY-219 चा व्हॅलिडेशन भाग.
अडलंय: PAY-214, कालपासून. सँडबॉक्सवर POST /refunds ला 403.
  त्याच की वर GET /payments ला 200 येतो.
  हवं: पेमेंट टीमनं टेस्ट की ला रिफंडची परवानगी द्यावी.
  आज मिळाली नाही तर उद्याची QA टेस्ट पुढे जाईल.
```

इथे सगळ्यात उपयोगाची ओळ 200 ची आहे. की चुकीची किंवा मुदत संपलेली असती तर सहसा 401 आला असता. 403 म्हणजे सर्व्हरनं विनंती ओळखली, पण हे काम करायची परवानगी नाही. त्याच की वर दुसरी विनंती चालते हे लिहिल्यामुळे ‘की बरोबर आहे ना?’ हा प्रश्न, आणि त्यासोबत जाणारा एक दिवस, वाचतो. शेवटची ओळ वाचणाऱ्याला घाई किती करायची ते सांगते. ‘लवकर’ किंवा ‘अर्जंट’ या शब्दांतून ते कळत नाही.

‘झालं’ची ओळ आठवणीवर लिहू नये. जिरामध्ये बरेच जण `assignee = currentUser()` या फिल्टरवर विसंबतात आणि तिथे फसतात: काम संपवून टिकिट क्यूएच्या नावावर केलं की ते यादीतून गायब होतं, म्हणजे नेमकं पूर्ण झालेलंच काम राहून जातं. त्यासाठी:

```
assignee was currentUser() AND updated >= -1d
```

सोमवारी `-1d`च्या जागी `-3d` करावं, नाहीतर शुक्रवारचं काम निसटतं. दुसऱ्या कुणी नुसती कमेंट टाकली तरी `updated` बदलतो, त्यामुळे ही यादी तशीच चिकटवू नये, त्यातून निवडावं.

ब्लॉकर फक्त चॅटवर लिहिला तर तो दिवसभराच्या मेसेजखाली दबतो. पूर्वी भिंतीवरच्या बोर्डवर अडलेल्या कार्डाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावायचे आणि ती काढेपर्यंत सगळ्यांच्या नजरेसमोर राहायची. जिरामधला फ्लॅग हेच काम करतो: टिकिटावर ‘Add flag’ केलं की बोर्डवरचं कार्ड पिवळं होतं. सोबत टिकिटावरच कमेंटमध्ये ‘अडलंय’चा तोच मजकूर टाकावा आणि ज्याच्याकडून उत्तर हवं त्याला टॅग करावं. परवानगी मिळाली की फ्लॅग हातानं काढायचा. टिकिट पुढच्या कॉलममध्ये सरकवलं म्हणून तो आपोआप जात नाही. क्यूए झालेल्या कॉलममध्येही पिवळी कार्डं दिसू लागली, तर त्या बोर्डवरच्या फ्लॅगकडे कुणी बघत नाही असं समजावं.