भरलेला टँकर: थांबायला पाच किलोमीटर, वळायला एक

मासेमारीची नौका आणि मोठे जहाज यांच्या टकरीची बातमी आली की तिच्याखाली एक प्रश्न हमखास विचारला जातो: समोर नौका दिसत होती, तर जहाजाने ब्रेक का लावला नाही? प्रश्न विचारणाऱ्याचा दोष नाही, कारण आपला वेगाचा सगळा अनुभव रस्त्यावरचा आहे आणि रस्त्यावर चाक व जमीन यांच्यातले घर्षण आपल्याला काही सेकंदांत थांबवते. आश्चर्य असे की परीक्षा उत्तीर्ण होऊन पहिल्यांदाच मोठ्या टँकरवर रुजू झालेले तरुण अधिकारीही सुरुवातीला जवळपास हाच विचार करत असतात. सूत्रे त्यांना पाठ असतात, पण भरलेला टँकर प्रत्यक्षात जे करतो ते त्यांच्या अंदाजाच्या बरोबर उलटे असते: तो थांबायला अतोनात अंतर घेतो आणि वळायला मात्र अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी.

उदाहरणादाखल कच्चे तेल वाहणारा एक मोठा टँकर घेऊ. लांबी सुमारे ३२० मीटर, रुंदी ६० मीटर, पाण्यात बुडालेला भाग म्हणजे ड्राफ्ट साडेवीस मीटर आणि तेलासह एकूण वस्तुमान सुमारे ३,३०,००० टन. जहाज हलताना आसपासचे थोडे पाणीही सोबत ओढले जाते, ते धरून आकडा साडेतीन लाख टनांपर्यंत जातो. असे जहाज १५ नॉट वेगाने, म्हणजे सेकंदाला ७.७ मीटर या गतीने चालले आहे आणि इंजिन बंद केले, असे समजा. या वेगाला पाण्याचा विरोध साधारण २२ लाख न्यूटन असतो. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने भागाकार केला तर मंदन दर सेकंदाला अवघे ०.००६ मीटर प्रतिसेकंद निघते. पहिल्या पूर्ण मिनिटात वेग १५ नॉटवरून जेमतेम १४.३ वर येतो. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या कक्षात, उभ्या असलेल्या माणसाला काही घडले आहे याची जाणीवही होत नाही.

खरी गंमत पुढे आहे. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून वेग अर्धा झाला की विरोध चौथाईवर येतो. जहाज जसजसे मंदावते तसतसे त्याला मंदावणारे बलच नाहीसे होत जाते. आपल्या टँकरचा वेग १५ वरून साडेसात नॉटवर यायला सुमारे २० मिनिटे लागतात, साडेसातवरून पावणेचारवर यायला आणखी ४० मिनिटे, आणि त्याच्याही निम्म्यावर यायला ८० मिनिटे. वेळ दरवेळी दुप्पट होतो, पण वेग निम्मा असल्यामुळे प्रत्येक टप्प्यात कापलेले अंतर मात्र तेवढेच राहते, सुमारे साडेसहा किलोमीटर. फिरता किंवा थांबलेला प्रोपेलर थोडा जास्तीचा अडथळा करतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे काहीसे बरे असतात, पण चित्र हेच. इंजिन बंद करून भरलेला टँकर ‘थांबवणे’ याला व्यवहारात अर्थ उरत नाही.

मग इंजिन उलटे चालवावे. तेही बटण दाबण्याइतके सोपे नाही. अशा जहाजांत संथगती डिझेल इंजिन मधल्या गिअरशिवाय थेट प्रोपेलरला जोडलेले असते, त्यामुळे प्रोपेलर उलटा फिरवायचा तर अख्खे इंजिनच उलटे सुरू करावे लागते. इंधन तोडले तरी पुढे धावणाऱ्या जहाजाखालून वाहणारे पाणी प्रोपेलरला पुढच्याच दिशेने फिरवत राहते. फेरे पुरेसे उतरेपर्यंत दाबाखालची हवा सोडून इंजिन उलट्या दिशेने सुरू करता येत नाही. ही पहिली काही मिनिटे हातातून जातात, आणि नेमकी तीच पूर्ण वेगातली असतात. त्यानंतरही उलट फिरणाऱ्या प्रोपेलरचा जोर सुलट जोराच्या मानाने बराच कमी असतो. सगळे सुरळीत झाले तर आपला टँकर २० मिनिटांच्या आसपास आणि चार ते पाच किलोमीटरवर उभा राहतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००२ साली स्वीकारलेली मानकेही याच मापाची आहेत: पूर्ण उलट इंजिनाने थांबताना कापलेला मार्ग जहाजाच्या लांबीच्या १५ पटींपेक्षा जास्त नसावा, आणि फार मोठ्या जहाजांसाठी ही मर्यादा २० पटींपर्यंत शिथिल करता येते. आपल्या जहाजाच्या हिशेबात ४.८ ते ६.४ किलोमीटर.

या वेळात जहाज सरळ जाईल याचीही खात्री नसते. सुकाण्यावर प्रोपेलरने फेकलेल्या पाण्याचा झोत येणे बंद होते आणि सुकाणू जवळजवळ निकामी ठरते. उजव्या हाताचा प्रोपेलर, म्हणजे मागून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरून जहाज पुढे नेणारा, उलटा फिरताना जहाजाची पिछाडी डावीकडे ढकलतो, म्हणून नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, उजवीकडे वळत जाते. किती वळेल हे आधी नेमके सांगता येत नाही.

समाजमाध्यमांवर आणि चित्रपटांत धावत्या जहाजाचा नांगर टाकून ते जागच्या जागी थांबवल्याची दृश्ये मोठ्या थाटात दाखवली जातात. त्यांवर विश्वास ठेवू नये. आपल्या टँकरची १५ नॉटला असलेली गतिज ऊर्जा सुमारे एक हजार कोटी ज्यूल भरते. नांगराच्या साखळीचा ब्रेक जहाज जवळजवळ उभे असताना साखळी सोडण्यासाठी आणि धरून ठेवण्यासाठी असतो. पूर्ण वेगात नांगर सोडला तर ब्रेकची अस्तरे जळतात, साखळी शेवटच्या कडीपर्यंत सुटत जाते आणि पुढे उभ्या असलेल्या माणसांच्या जिवावर बेतते.

आता वळण्याकडे येऊ, कारण खरी विद्या तिथे आहे. सुकाणू उजवीकडे ३५ अंश, म्हणजे पूर्ण फिरवले, तर सुकाणूवर पडणारे पाण्याचे बल जहाजाला उजवीकडे नेत नाही. ते पिछाडीला डावीकडे ढकलते. म्हणजे वळणाच्या आरंभी संपूर्ण जहाजावरचे सुकाणूचे बल वळणाच्या बाहेरच्या दिशेने असते. त्यामुळे पिछाडी बाहेर सरकते आणि जहाज आपल्या मार्गाशी तिरपे होते. नाळ एका दिशेला पाहते आणि जहाज दुसऱ्याच दिशेने सरकत राहते. या दोन दिशांमधल्या कोनाला ड्रिफ्टचा कोन म्हणतात. हा कोन तयार झाला की समोरून येणारे पाणी जहाजाच्या बाहेरच्या कुशीवर आदळू लागते. ३२० मीटर लांब आणि वीस मीटर खोल अशा या भिंतीवरचा दाबच जहाजाला वर्तुळाच्या आत ढकलतो. वळायला लागणारे प्रचंड केंद्रगामी बल जहाजाचे अंग पुरवते, शंभर चौरस मीटरच्या आसपासचे सुकाणू नव्हे. सुकाणूचे काम अंगाला तिरपे धरून ठेवण्याचे.

तिरपे अंग पाण्याला जबरदस्त अडवते, म्हणून वळणात वेग झपाट्याने पडतो. पूर्ण वळणात तो मूळ वेगाच्या निम्म्याच्याही खाली जातो. खोल पाण्यात असा टँकर साधारण तीन लांबींच्या, म्हणजे एक किलोमीटरच्या आत मूळ मार्गावरून ९० अंश फिरलेला असतो. थांबायला पाच किलोमीटर घेणारे जहाज एक किलोमीटरमध्ये मार्गावरून बाजूला निघते आणि वर वेगही गमावते. म्हणून मोकळ्या समुद्रात, आजूबाजूला जागा असेल आणि वाहतुकीचे नियम आड येत नसतील, तर अनुभवी कॅप्टन आधी सुकाणूचा विचार करतो, इंजिनाचा नंतर. भरल्या जहाजात नव्या अधिकाऱ्याला हे पटायला वेळ लागतो, विशेषतः त्याची ओळख रिकाम्या, बॅलास्टवर, म्हणजे तेलाऐवजी तोलासाठी पाणी भरून, चाललेल्या जहाजाशी झालेली असेल तर. तेव्हा हेच जहाज निम्म्याहून कमी वजनाचे असते आणि इंजिन उलटे करताच त्याला चटकन दाद देते.

भरलेल्या टँकरचा आणखी एक स्वभाव नवख्याला चकवतो. रुंद, भरीव आकाराचे जहाज दिशेच्या बाबतीत अस्थिर असते. सुकाणू दहा अंश दिले तर पहिला काही काळ काहीच होत नाही, कारण एवढ्या वस्तुमानाला फिरण्याची गती यायलाच वेळ लागतो. अधिकाऱ्याला वाटते की सुकाणू कमी पडले, म्हणून तो २० अंश सांगतो. तेवढ्यात वळण पकड घेते आणि वळण्याचा दर वाढत जातो. आता तो सुकाणू मध्यावर आणायला सांगतो, पण जहाज वळतच राहते, कारण एकदा तिरपे झालेल्या अंगावरचा पाण्याचा दाब स्वतःच नाळेला आणखी आत ढकलत असतो. वळण मोडायचे तर उलट सुकाणू द्यावे लागते, आणि तेही इच्छित दिशा येण्याच्या बरेच अंश आधी. वळणाचा दर दाखवणाऱ्या यंत्रावर नजर ठेवली तर हे आधीच ओळखता येते. होकायंत्राचा आकडा ते उशिरा सांगतो.

हे सारे खोल पाण्यातले झाले. उथळ पाण्यात काय होते ते मेक्सिकोच्या आखातात १९७७ साली ‘एसो ओसाका’ या २,७८,००० टन क्षमतेच्या भरलेल्या टँकरवर प्रत्यक्ष मोजले गेले. या चाचण्यांना आजही जहाजशास्त्रात आधारभूत मानतात. पाण्याची खोली ड्राफ्टच्या चौपटीहून थोडी अधिक असताना वळणाचा व्यास नऊशे मीटरच्या थोडा वर आला होता. खोली ड्राफ्टच्या १.२ पट उरली तेव्हा तोच व्यास सोळाशे मीटरच्या जवळ गेला. थांबण्याच्या अंतरात मात्र त्या मानाने थोडाच फरक पडला, पण उलट इंजिन चालू असताना नाळ उजवीकडे अधिक वळली.

कारण वरच्याच यंत्रणेत आहे. तिरपे सरकायचे तर जहाजाच्या एका बाजूचे पाणी तळाखालून दुसऱ्या बाजूला जायला हवे. तळाखाली काही मीटरच फट असेल तर पाण्याला वाट मिळत नाही, ते जहाजाला आडवे सरकू देत नाही आणि फिरूही देत नाही. ड्रिफ्टचा कोन लहान राहतो, आत ढकलणारा दाब घटतो आणि वर्तुळ पसरते. कोन लहान म्हणून वेगही तितका पडत नाही. खोल पाण्यात वळणाचे जे दोन फायदे होते ते दोन्ही एकदमच आटतात.

ही परिस्थिती प्रयोगापुरती नाही. इराणच्या आखातातून चीन-जपानकडे जाणारे भरलेले टँकर मलाक्का आणि सिंगापूरच्या सामुद्रधुनीतून जातात, आणि तिथल्या नियमानुसार अशा जहाजांच्या तळाखाली किमान साडेतीन मीटर पाणी असावे लागते. साडेवीस मीटर ड्राफ्टच्या जहाजाखाली तेवढेच पाणी असेल तर एकूण खोली २४ मीटर होते, म्हणजे ड्राफ्टच्या १.१७ पट. ‘एसो ओसाका’चे सर्वांत पसरलेले वर्तुळ जवळपास याच गुणोत्तराला मिळाले होते. ब्रिजवर लावलेल्या तक्त्यात भरलेल्या जहाजाची खोल आणि उथळ अशी दोन्ही वर्तुळे असतात, पण उथळ पाण्याचे वर्तुळ पुष्कळदा गणिताने काढलेला अंदाज असतो, आणि पाण्याची खोली, वारा व भार यांप्रमाणे जहाज वेगळे वागू शकेल अशी सूचना तक्त्यावरच छापलेली असते.

म्हणून त्या सामुद्रधुनीच्या काही भागांत अशा जहाजांनी १२ नॉटपेक्षा वेगाने जाऊ नये असा नियम आहे. कमी वेगाचा एक फायदा असा की इंजिनाचा काही जोर राखीव राहतो. वळण पुरेसे पडत नाही असे दिसले तर सुकाणू पूर्ण फिरवलेले ठेवून काही क्षण इंजिन पुढच्या दिशेने जोरात चालवता येते. प्रोपेलरचा झोत थेट सुकाणूवर पडतो, पिछाडी बाहेर फेकली जाते, आणि जहाजाचा वेग वाढण्याआधीच इंजिन पुन्हा मंद केले जाते. समोर अडथळा असताना इंजिन पुढे चालवण्याचा हुकूम पहिल्यांदा ऐकणाऱ्या थर्ड मेटला, म्हणजे ब्रिजवरच्या कनिष्ठ अधिकाऱ्याला, तो चुकीचा वाटतो, पण उथळ पाण्यात ड्रिफ्टचा कोन उभा करायचा त्याच्याइतका खात्रीचा दुसरा उपाय ब्रिजवर नसतो.